माळ किती पाणी पितो?

मोटरीच्या स्टार्टरशेजारी खिळ्याला एक वही लटकलेली असते. दोरीने बांधलेलं पेन, ओल्या हातांनी चुरगळलेले कोपरे. पाणी दादा देतो आणि नोंदही तोच करतो: “माळ, सकाळी ६ ते ११.” “खोलगट, दुपारी २ ते सहा.” मी रविवारी संध्याकाळी ती वही घेऊन बसतो आणि संगणकावर उतरवून काढतो. आमचे पाण्याखालचे प्लॉट दोनच. वरचा एक एकराचा, हलक्या जमिनीचा, ठिबकावरचा माळ. आणि खालचा दीड एकराचा, भारी काळ्या जमिनीचा खोलगट, त्याला सरीतून पाणी. दोन्हीत वांगी, एकाच आठवड्यात लावलेली.

वर्षभर नोंदी नीट झाल्या. एकही पाळी सुटली नाही. तरी त्या वहीला मी एक साधा प्रश्न विचारला तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. दादा नेहमी म्हणायचा, “माळ फार पाणी पितो रे. तिथलं पीक काढून टाकू, पाणी खाली वळवू.” वही त्याच्या बाजूने बोलत होती. एका कोरड्या आठवड्यात माळावर मोटर १४ तास चालली होती, खोलगटात ९. वांगी काढायची म्हणजे उभं पीक मोडायचं. एवढा निर्णय तासांवर घ्यायला माझं मन धजेना.

तास म्हणजे मोटरीचा वेळ. मुळांना किती पाणी मिळालं हे त्यातून कळत नाही, कारण माळाचा व्हॉल्व्ह उघडा असतो तेव्हा लाइनीतून तासाला १२,००० लिटर जातं आणि खोलगटाचं तोंड उघडं असतं तेव्हा ३०,०००. शिवाय एक प्लॉट दुसऱ्याच्या दीडपट. हे सगळं एका मापात आणायचं तर पाऊस ज्या मापात मोजतात तेच घ्यावं लागतं. एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी सारखं पसरलं तर त्याची उंची एक मिलिमीटर भरते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. एवढं लक्षात राहिलं की बाकी सगळा भागाकार आहे.

माळाचे १४ तास म्हणजे १,६८,००० लिटर. भागिले ४,०४७, आले ४१.५ मिलिमीटर. खोलगटाचे ९ तास म्हणजे २,७०,००० लिटर. भागिले ६,०७०, आले ४४.५. ज्या माळाला आम्ही वर्षभर खादाड ठरवलं होतं, त्याला खोलगटापेक्षा तीन मिलिमीटर कमीच मिळत होतं. मी तो आकडा तीनदा तपासला आणि मग दादाला दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, “मग एवढा वेळ लागतो कशाला?” ठिबक सावकाश पाणी सोडतं म्हणून. आमच्या लॅटरल, म्हणजे ओळींतल्या ठिबकाच्या नळ्या, दीड मीटरवर आहेत, नळीवर दर ४५ सेंटिमीटरला ड्रिपर, ताशी दोन लिटरचा. दोन लिटर भागिले दीड आणि पॉइंट पंचेचाळीसचा गुणाकार, म्हणजे तासाला जेमतेम तीन मिलिमीटर. पाण्याच्या मीटरवरून काढलेला आकडाही तेवढाच येत होता, त्यामुळे माझा त्यावर विश्वास बसला.

मीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मुख्य लाइनीवर एकच मीटर आहे. एका वेळी एकच तोंड उघडं असेल तरच मीटरच्या दोन आकड्यांतला फरक त्या प्लॉटच्या नावावर मांडता येतो. घाईत दोन्ही तोंडं उघडली तर ते पाणी वाटून लिहिणं हा अंदाज होतो, आणि नंतर वही वाचणाऱ्याला तो अंदाज आहे हे कळत नाही. आता अशा ओळीपुढे शेऱ्यात “दोन्ही चालू” लिहायचं ठरलं आहे.

पावसाची नोंद तशी सोपी, पण तिथेही आमचा आठवडा बिघडत होता. पर्जन्यमापक रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचतो. सोमवारी सकाळी जे पाणी साचलेलं दिसतं ते बहुतेक रविवारी दिवसा किंवा रात्री पडलेलं असतं. ते सोमवारच्या तारखेला लिहिलं की आठवडाच बदलतो: रविवारी कोसळलेली सर पुढच्या आठवड्याच्या खात्यात जमा होते, आणि मागचा आठवडा कोरडा दिसतो. म्हणून सकाळचं वाचन आदल्या दिवसाच्या नावावर. दुसरं, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. रिकामी जागा म्हणजे पाऊस नव्हता की कुणी वाचलं नाही, हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. मापकाची जागाही पाहिली पाहिजे. आमचा आधी बांधावरच्या झाडाच्या आडोशाला होता आणि वाऱ्याच्या पावसात कमी भरायचा. झाड जेवढं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो आता उघड्यावर आहे.

एवढं झाल्यावर आठवड्याचा तक्ता तयार झाला. प्रत्येक तारखेपुढे त्या आठवड्याचा सोमवार काढायचा आणि प्लॉट आणि सोमवार या दोन्हींवर बेरीज करायची. आठवड्याचा क्रमांक मी मुद्दाम टाळतो, वर्ष बदलताना तो घोळ घालतो. सोमवारची तारीख कधी फसवत नाही.

```
=A2-WEEKDAY(A2,2)+1
```

दुसऱ्या बाजूला पिकाची गरज. त्या दिवसांच्या हवेत जमीन आणि गवत मिळून किती पाणी उडवतील हा संदर्भ आकडा, आणि त्याला पिकाचा गुणांक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, एफएओने, १९९८ साली काढलेल्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत वांग्याच्या भर वाढीच्या काळासाठी १.०५ हा गुणांक दिला आहे. संदर्भ आकडा दिवसाला ४.८ असेल तर गरज पाच मिलिमीटर, आठवड्याला ३५. म्हणजे त्या कोरड्या आठवड्यात दोन्ही प्लॉटना गरजेपेक्षा थोडं जास्तच मिळालं होतं. पाऊस अधिक पाणी वजा गरज, शिल्लक दिसली की हिरवा रंग, तूट दिसली की लाल. तक्ता छान दिसत होता. मी त्यावर समाधानी होतो, आणि नेमका तिथेच फसलो.

पुढे एक पावसाचा आठवडा आला. गुरुवारी रात्री एकदम ४८ मिलिमीटर, शनिवारी १४. आठवड्याची बेरीज ६२. बुधवारी दादाने माळाला पाच तास पाणी दिलं होतं, ते १५ मिलिमीटर. ढगाळ हवेने गरज दिवसाला चारवर उतरली होती, म्हणजे आठवड्याला २८. तक्त्याने सांगितलं: आलं ७७, लागलं २८, शिल्लक ४९. पुढच्या आठवड्यात ऊन तापलं आणि गरज ३५ झाली, तरी तक्त्यात १४ उरत होते. सगळे चौकोन हिरवे. आम्ही मोटरीला हात लावला नाही. आणि शनिवारी दुपारी माळावरची पानं लोंबू लागली. संध्याकाळी ऊन उतरलं तरी ती उभी राहिली नाहीत. दुपारपुरती मान टाकणं वेगळं आणि संध्याकाळीही तशीच राहणं वेगळं, हे वांगी लावणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

त्या रात्री मी तक्ता मोडला आणि तोच आठवडा दिवसादिवसाने मांडला. चूक लगेच दिसली. मी मातीला हौद समजून बसलो होतो, कितीही ओता, साठतंच. प्रत्यक्षात मुळांच्या थरात मावेल तेवढंच पाणी थांबतं, वरचं खाली झिरपून जातं. वाफसा आलेल्या मातीतलं पाणी हा मी वरचा काठ धरला. त्या काठापासून माती किती रिती झाली आहे, तो आकडा रोज ठेवायचा. आमच्या माळावर ६० सेंटिमीटरच्या थरात पिकाला ताण न बसता वापरता येईल असं पाणी साधारण ३० मिलिमीटर, खोलगटात ५०. हे आकडे मातीच्या पोतावरून काढलेले अंदाज आहेत, पण त्यांच्याशिवाय हिशेबच उभा राहत नाही.

माळाचं पाहू. रविवारी रात्री माती १० मिलिमीटर रिती होती. सोमवारी पिकाने चार घेतले, झाली १४. मंगळवारी १८. बुधवारी आणखी चार जाऊन २२ झाली असती, तेव्हा आमचं १५ मिलिमीटर पाणी पडलं, उरली सात. गुरुवारी दिवसभरात ११ झाली, आणि रात्री ४८ कोसळले. अकराच्या रिकाम्या जागेत अकराच मावले. ३७ मिलिमीटर मुळांच्या खाली निघून गेले. शुक्रवारी चार, शनिवारी आठ, त्यावर १४ पडले, त्यातले सहा पुन्हा वाहून गेले. रविवारी रात्री माती चार मिलिमीटर रिती. म्हणजे मापकात पडलेल्या ६२ पैकी माळाच्या कामी आले फक्त १९, आणि तक्त्यात ज्यांना शिल्लक म्हणून हिरवा रंग दिला होता त्या ४९ मिलिमीटरपैकी ४३ जमिनीत नव्हतेच. पुढच्या आठवड्यात रोज पाच जात राहिले: नऊ, चौदा, एकोणीस, चोवीस, शुक्रवारी एकोणतीस, शनिवारी चौतीस. तीसची रेघ शनिवारीच ओलांडली होती, पानांनी सांगितलं त्याच दिवशी.

त्याहून जिव्हारी लागलं ते बुधवारचं पाणी. ते दिलंच नसतं तर गुरुवारी संध्याकाळी माती २६ रिती असती. तीसच्या आतच, पिकाला काही झालं नसतं. ४८ चा पाऊस २६ ची जागा भरून उरला असता. म्हणजे आम्ही दिलेले पंधराच्या पंधरा मिलिमीटर, ६० हजार लिटर, पावसाला जागा न ठेवता जमिनीत भरले आणि तेवढाच पाऊस खाली घालवला. पाऊस येणार हे बुधवारी कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोष दादाचा नाही. पण २२ म्हणजे आणखी एक दिवस थांबता येण्याजोगी जागा होती, आणि ती जागा किती हे सांगणारा आकडा वहीत असायला हवा होता. तो ठेवणं माझं काम होतं.

आता रोजच्या पानावर दोनच सूत्रं आहेत. C मध्ये त्या दिवसाची गरज, D मध्ये पाऊस, E मध्ये दिलेलं पाणी, F मध्ये रितेपण आणि G मध्ये खाली गेलेलं.

```
F3: =MAX(0, F2+C3-D3-E3)
G3: =MAX(0, D3+E3-F2-C3)
```

आठवड्याचा तक्ता गेलेला नाही. पाणी किती वापरलं याचा न्याय आठवड्यावरच करता येतो, एका दिवसाच्या पाळीवरून काही ठरत नाही. फक्त त्या तक्त्यात आता नुसत्या बेरजा नसतात. दर प्लॉटपुढे, दर आठवड्याला, रोजच्या पानावरून आलेल्या दोन गोष्टी असतात: रविवारी रात्रीचं रितेपण, आणि आठवडाभरात मुळांखाली गेलेलं पाणी. दुसरा आकडा मोठा आणि त्याच आठवड्यात मोटरही चाललेली, असं दिसलं की त्या ओळीवर बोट ठेवायचं.

हेच ६२ मिलिमीटर खोलगटात कसे गेले ते पाहिलं तेव्हा दुसरा धडा मिळाला. तिथे शुक्रवारी पाळी ठरली होती, म्हणून माती बरीच रिती होती: रविवारी ३०, गुरुवार संध्याकाळपर्यंत ४६. कागदावर ४८ पैकी ४६ मावायला हवे होते. पण शुक्रवारी सकाळी मी खाली गेलो तर सऱ्यांच्या टोकाला गढूळ पाणी साचलेलं, बांध एका जागी फुटलेला, आणि बाहेरच्या चारीत आमच्या शेतातली काळी माती. जागा असून उपयोग नव्हता. सर इतक्या जोराने आली होती की भारी जमिनीला पाणी आत घ्यायला वेळच मिळाला नाही. अशा वेळी सूत्र खोटं ठरतं आणि कुदळ घ्यावी लागते. वरंब्याच्या कुशीत खड्डा घेतला. ओल चाळीस सेंटिमीटरपर्यंत, खाली ढेकूळ कोरडं, मुठीत दाबलं तरी गोळा होत नव्हता. ६० मधले ४० भरले, म्हणजे ४६ च्या दोनतृतीयांश. मी पाऊस ३० च धरला आणि शेऱ्यात “खणून पाहिलं” असं लिहिलं. मापकातल्या ४८ ला मी हात लावला नाही, तो आकडा जसाच्या तसा राहतो. आत किती गेलं हा वेगळा रकाना. या दोन गोष्टी एकाच रकान्यात आल्या की नंतर दोन्हींवरचा विश्वास उडतो.

ठिबकाच्या प्लॉटवर आणखी एक अडचण आहे आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. पाऊस सगळ्या रानावर पडतो, ठिबक मात्र नळीच्या दोन्ही बाजूंचा पट्टाच भिजवतं. पट्टा निम्म्या रानाचा असेल तर एकरावर पसरून काढलेले १५ मिलिमीटर त्या पट्ट्यात ३० होतात. हलक्या मातीत एका दमात एवढं पाणी म्हणजे थोडंफार खाली जाणारच, मग तक्त्यातलं रितेपण काहीही म्हणो. म्हणून माळावर पाच तासांची पाळी आम्ही बंद केली. रोज दीड-दोन तास. लिटर तेवढेच, पण थांबतात जिथे हवेत तिथे.

तक्त्यात एक रकाना मी सहज घातला होता, लिटर भागिले तास. मीटर आहे, तास आहेत, भागाकार करून ठेवला. त्याने एक गोष्ट पकडली जी डोळ्यांना दिसली नसती. माळाचा आकडा १२,००० असायचा. एका आठवड्यात ११,४०० झाला. पुढच्यात १०,३००. त्याच्या पुढे ९,०००. दादा वहीत इमानाने १४ तास लिहीत होता आणि पिकाला ४१ ऐवजी ३१ मिलिमीटर मिळत होते. गरज ३५ ची. नुसत्या तासांवर हिशेब ठेवला असता तर पाणी भरपूर आणि पीक मलूल, आणि आम्ही रोग शोधत बसलो असतो.

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब पाहिला. काट्यांत एवढा फरक मी आधी पाहिला नव्हता. जाळी काढली तर तिच्यावर शेवाळाचा हिरवा थर, बोट फिरवलं की चामड्यासारखा सोलून निघणारा. धुऊन बसवली, सबमेनची टोकं उघडून गाळ काढला. मग मोजायचा नळा घेऊन प्लॉटभर फिरलो. दोन लिटरच्या ड्रिपरखाली तीन मिनिटांत १०० मिलिलिटर भरायला हवेत. व्हॉल्व्हजवळ ९८, मध्यावर ९५, शेवटच्या ओळींच्या टोकाला ६०, कुठे ५५. ती टोकंही एकेक करून उघडली. पुढच्या आठवड्यात रकाना परत ११,८०० वर आला. हाच आकडा एकदम चढला तर अर्थ उलटा: कुठेतरी नळी फुटली आहे किंवा जोड सुटला आहे आणि पाणी एकाच जागी ओतलं जातंय. मोटरीपाशी उभं राहून हे कळत नाही, आणि शेवटच्या ओळीपर्यंत रोज कोण चालत जातो.

माळावरची वांगी उभी आहेत. त्या जागेचा प्रश्न पाणी जास्त पिण्याचा नव्हताच. तिथे पाणी ठेवायला जागा कमी आहे, म्हणून ते थोडं थोडं आणि वेळेवर द्यावं लागतं. खोलगट पाच-सहा दिवस थांबू शकतो, माळ थांबत नाही. पाणी कमी पडलं तर पाळी कुणाची पुढे ढकलायची हे त्यावरून ठरतं, आणि आता ढकलली जाते ती खोलगटाची. वर्षभर आम्ही उलटं करत होतो.

वहीच्या पानावर एक रकाना वाढला आहे. तो मी रोज रात्री संगणकावरून पाहून पेनाने भरतो, माळाचा वेगळा, खोलगटाचा वेगळा. परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, वारा पडलेला. दादा व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होता.

“माळाचं किती?”

“एकोणीस.”

त्याने पश्चिमेकडे पाहिलं, हात काढून घेतला आणि म्हणाला, “उद्या सकाळी मापक बघ, मग सांग.”